तोट्याचं वर्ष आणि अध्यक्षांचं पत्र

वार्षिक अहवाल हाती आला की बहुतेक भागधारक आधी लाभांश बघतात. वर्ष वाईट गेलं असेल तर मात्र अध्यक्षांचं पत्र आधी वाचावं. त्यात दोष कुणाच्या माथी मारलाय, हे पाहावं.

बर्कशायर हॅथवेचं 2001 सालचं पत्र या दृष्टीनं वाचण्यासारखं आहे. वॉरेन बफे सुरुवातीलाच सांगतात, की कंपनीचं नक्त मूल्य 3.77 अब्ज डॉलरनं घटलं. 11 सप्टेंबरच्या हल्ल्यामुळे त्यांच्या विमा कंपन्यांवर प्रचंड दावे आले होते. सगळं खापर त्या हल्ल्यावर फोडणं सहज जमलं असतं आणि कुणी हरकतही घेतली नसती. पण बफे लिहितात, की एकाच घटनेत अनेक पॉलिसींचे दावे एकदम येऊ शकतात हे मला ठाऊक होतं. तरीही जनरल री या आपल्या कंपनीला त्या जोखमीची मर्यादा न घालता आणि जादा हप्ता न आकारता धंदा करू दिला.

आता भागधारकांचा विश्वास परत मिळवण्याची बाजू. ती विशेषणांवर उभी नाही. जनरल रीचं नेतृत्व बदललं, विमा उतरवण्याची शिस्त कडक केली, आणि विम्याच्या निधीचा खर्च खाली येईल असं सांगितलं. 2001 साली हा खर्च 12.8 टक्के होता. पुढच्या पत्रात तो 1 टक्का दिसतो. म्हणजे आश्वासन मोजता येण्याजोगं होतं.

तुमच्या कंपनीच्या पत्रात ‘आव्हानात्मक परिस्थिती’ भेटली, तर गेल्या वर्षीचं पत्र शेजारी ठेवून वाचा.