समासातली फुप्फुसधमनी

"बाई, रक्ताभिसरणाची टिपणं सोबत आहेत. काही चुकलं, सुटलं असेल तर सांगाल का?" आठवीतल्या मुलीची ही चिठ्ठी वाचून बरं वाटलं, पण नेमकी शंका कुठे आहे ते त्यात नव्हतं. मग टिपणं ओळीने वाचली. 'धमन्या ऑक्सिजनयुक्त रक्त नेतात' इथे थांबले. सारांश करताना अपवादच आधी गळतो. फुप्फुसधमनी फुप्फुसांकडे नेते ते कमी ऑक्सिजनचं रक्त. धमनी ओळखायची ती दिशेवरून: रक्त हृदयापासून दूर नेते ती धमनी. समासात तेवढंच लिहिलं. दुसऱ्या चिठ्ठीत तिनं ओळीला क्रमांक घालून विचारलं, "मग नवव्या ओळीतल्या शिराही चुकल्या ना?" हो, फुप्फुसशिरा ऑक्सिजनयुक्त रक्त हृदयाकडे आणतात.