“कसा झाला मसाला?” हे केव्हा आणि कसं विचारायचं

मैत्रिणींनो, आधी माझीच चूक सांगते. तालुक्याच्या प्रदर्शनात आपल्या एका गटाचा काळ्या मसाल्याचा स्टॉल होता. मी तिथे अभिप्रायाची वही ठेवली आणि पाकीट घेणाऱ्या प्रत्येकीच्या हातात पेन दिला. दिवसभरात तीन पानं भरली. संध्याकाळी वाचायला बसलो तर सगळीकडे एकच, “खूप छान”, “छान उपक्रम”, “शुभेच्छा”. मसाला तर एकीनेही अजून चाखला नव्हता! पाकीट पिशवीत, मागे रांग, समोर आपण बघत उभ्या. ती बिचारी दुसरं काय लिहिणार?

म्हणून पहिली गोष्ट वेळेची. वस्तू वापरून झाल्यावरच विचारायचं. मसाल्याच्या चार भाज्या व्हायला हव्यात, म्हणजे आठ-दहा दिवस तरी जाऊ द्या. लोणचं असेल तर ते मुरेपर्यंत थांबा. विकताना फक्त एवढं म्हणा, “ताई, थोड्या दिवसांनी एक मेसेज केला तर चालेल ना?” ती हो म्हणाली तरच नंबर घ्या. पाकिटावर तारीख टाकलेली असते, ती आणि कुणी नेलं हे वहीत लिहून ठेवा.

दुसरी गोष्ट प्रश्नाची. “आमच्याबद्दल दोन शब्द लिहून द्या” म्हटलं की माणसाला निबंध लिहायला बसवल्यासारखं होतं. आणि “आवडला ना?” विचारलं तर उत्तर आपणच तिच्या तोंडात घातलं. त्यापेक्षा एकच छोटा प्रश्न विचारा, ज्याचं उत्तर तिला स्वयंपाकघरातूनच देता येईल.

त्याच गटाने पुढच्या वेळी असा मेसेज केला: “नमस्कार मॅडम, मागच्या आठवड्यात तुम्ही काळा मसाला नेला होता. तुमच्या घरी तो तिखट पडतो की बरोबर होतो? सवडीने सांगा, बोलून पाठवलं तरी चालेल. नाही जमलं तरी काही हरकत नाही.” या शेवटच्या वाक्यात नुसता शिष्टाचार नाही. ते असलं की उत्तर न देण्याची वाट मोकळी राहते. आणि ते खरं करायचं, म्हणजे उत्तर नाही आलं तर परत मेसेज करायचा नाही. “उत्तर द्या, पुढच्या वेळी दहा रुपये कमी लावू” असंही नको. मग ती आपल्याला बरं वाटेल तेच बोलेल.

ज्या बाईंना हा मेसेज गेला त्या शाळेत शिकवतात. त्यांचं दुसऱ्या दिवशी बोलणं आलं, “वास अगदी माझ्या आईच्या मसाल्यासारखा आहे हो, पण मुलांना तिखट लागतो आणि रश्शाला रंग येत नाही.” गटातल्या एका काकूंना राग आला. म्हणाल्या, “आमच्याकडे असाच खातात!” मी म्हटलं, थांबा, आधी धन्यवाद कळवू, वाद नको. मग बघितलं तर त्या वेळी बेडगी महाग म्हणून लवंगी जास्त घातली होती. बेडगी रंगाला, लवंगी तिखटाला, हे तुम्हाला मी काय सांगणार! पुढच्या कांडपात लवंगी कमी करून बेडगी वाढवली, आणि बाईंना थोडा मसाला चाखायला पाठवला. आता त्या स्वतःहून म्हणाल्या, “हा माझी मुलंपण खातात.”

हे वाक्य पाकिटातल्या चिठ्ठीवर छापावं असं सगळ्यांना वाटलं. पण मेसेजवर बोलणं वेगळं आणि छापणं वेगळं. त्याची परवानगी निराळी मागायची. आम्ही विचारलं, “तुमचं हे वाक्य चिठ्ठीवर घालू का? नाव घालायचं की नुसतं ‘एक शिक्षिका’ लिहू? नको असेल तर तसंच सांगा.” त्यांनी नाव नको म्हटलं, आम्ही नाही घातलं. वाक्यही त्यांच्याच शब्दांत ठेवलं. “स्वादिष्ट व दर्जेदार” असं काही आपल्या मनाचं जोडलं की ते जाहिरातीसारखं वाटतं, शिवाय ते त्या बोललेल्याच नसतात.

आणखी एक. ज्यांची आपल्याकडे उधारी आहे त्यांना अभिप्राय मागू नका. त्यांना तो मेसेज वसुलीचा वाटतो. जाऊबाई, नणंदबाई, गटातल्याच मैत्रिणी यांचंही कौतुक ऐकावं, पण छापू नये. गावात कोण कुणाची हे सगळ्यांना माहीत असतं.

ज्यांच्याकडे मोबाईल नाही किंवा मेसेजचा कंटाळा आहे, त्यांना दळणाच्या गिरणीवर किंवा बाजारात भेट झाली की सहज विचारा, पण चार माणसांसमोर नको. आणि घरी आल्यावर लगेच वहीत उतरवून ठेवा. पुढच्या महिन्यात गटाच्या बैठकीला मी येईन तेव्हा ती वही काढून ठेवा, तक्रारींचं पान आधी वाचू.