वहीचा फोटो आणि टक्केवारीचा घोळ

निपाणीत एकाच गल्लीतली दोन मुलं दोन राज्यांच्या विद्यापीठांत शिकत असतात. एक अर्जुननगरच्या देवचंद कॉलेजात, म्हणजे कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाकडे, तर दुसरं बेळगावच्या राणी चन्नम्मा विद्यापीठाकडे. विद्यापीठ कुठलंही असो, हातानं लिहिलेल्या असाइनमेंटचा मोबाइलवर फोटो काढून ती समानता तपासणीला टाकली, की काही समज हमखास ऐकू येतात.

गैरसमज : शून्य टक्के आले, म्हणजे मजकूर स्वतःचा.

वस्तुस्थिती : वहीच्या पानाचा फोटो हे चित्र असतं, त्यात संगणकाला वाचता येईल असं एकही अक्षर नसतं. टर्निटिनला निवडता येणारा मजकूर लागतो, त्यामुळे नुसत्या चित्रांची पीडीएफ ते तपासायला घेत नाही. म्हणून ती फाइल आधी अक्षरं ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरमधून काढतात. ते सॉफ्टवेअर चित्रामागे मजकुराचा एक अदृश्य थर ठेवतं. आपल्याला दिसते वही, तपासणी होते त्या थराची. थरात कचरा असेल, तर उतरवलेली असाइनमेंटही कशाशीच जुळत नाही.

गैरसमज : चार अक्षरं चुकली म्हणून काय बिघडतं?

वस्तुस्थिती : इथेच खरी मेख आहे. यातली बरीच तपासणी सलग शब्दांचे तुकडे पाडून होते. समजा, तुकडा पाच शब्दांचा आहे आणि वाक्य आहे : ‘निपाणीच्या तंबाखू शेतकऱ्यांनी १९८१ साली महामार्गावर ठिय्या दिला.’ आठ शब्दांतून पाच-पाचचे चार तुकडे पडतात आणि ‘१९८१’ हा चौथा शब्द त्या चारही तुकड्यांत येतो. हातच्या लिखाणात १ आणि ९ सारखेच वळतात. सॉफ्टवेअरनं ‘१९८९’ वाचलं, की चारही तुकडे बाद. वाक्य शब्दशः उतरवलेलं असूनही जुळणी शून्य!

प्रत्यक्षात एवढ्यावर भागत नाही. ‘तंबाखू’चं ‘तंबारवू’ होतं, कारण सुटा लिहिलेला ख म्हणजे र आणि व. ‘शेतकऱ्यांनी’मधला अर्धा र गळतो, ‘महामार्गावर’चा रफार उडतो. घ-ध आणि भ-म यांत तर शिरोरेषेतल्या जराशा फटीचाच फरक असतो, आणि घाईत लिहिणारा विद्यार्थी शिरोरेषा देतोच असं नाही. रेघी वहीत छापील रेघ अक्षरांना चिकटली तर गोंधळ आणखी वाढतो.

हिशेब करून पाहा. शंभरातली ९५ अक्षरं बरोबर ओळखली, असं ऐकायला छान वाटतं. पण पाच अक्षरांचा शब्द पूर्ण शाबूत राहण्याची शक्यता मग सुमारे ७७ टक्के उरते, आणि अशा पाच शब्दांचा तुकडा शाबूत राहण्याची फक्त २८ टक्के. चुका अशा सारख्या विखुरलेल्या नसतात, त्या एखाद्या सावलीच्या कोपऱ्यात गर्दी करतात, म्हणून प्रत्यक्ष आकडा थोडा इकडेतिकडे होईल. तरी घसरण कशी होते ते यातून कळतं.

सीमाभागात यात एक भर पडते. मराठी मजकुरात मुलं गावाचं किंवा संघटनेचं नाव सहज कन्नड लिपीत लिहून जातात. सॉफ्टवेअरला फक्त मराठी सांगितली असेल, तर ते कन्नड अक्षर जवळच्या देवनागरी आकारात कोंबतं. टेसरॅक्ट या मोफत सॉफ्टवेअरमध्ये `-l mar+kan` असं लिहून दोन्ही भाषा देता येतात. मात्र ते मुळात छापील अक्षरांवर शिकलेलं आहे, हस्ताक्षरासाठी त्याच्यावर विसंबू नये.

गैरसमज : ओळखण्यातल्या चुकांनी टक्केवारी फक्त कमीच होते.

वस्तुस्थिती : वाढतेही. समजा, पानावर २०० शब्द आहेत. त्यातले ४० छापील आहेत : कॉलेजचं नाव, विषय, प्रश्न. ते नीट वाचले जातात आणि वर्गातल्या प्रत्येकाच्या पानाशी जुळतात. हातच्या १६० शब्दांपैकी १०० सॉफ्टवेअरनं गाळलेच. मग एकूण शब्द उरले १००, त्यात जुळलेले ४०. जिथे २० टक्के दिसायला हवे होते, तिथे रिपोर्ट ४० टक्के दाखवतो; आणि तेही विद्यार्थ्यानं न लिहिलेल्या ओळींसाठी.

गैरसमज : दहा टक्क्यांच्या वर गेलं की यूजीसीच्या नियमानं शिक्षा.

वस्तुस्थिती : यूजीसीची २०१८ ची नियमावली शोधनिबंध, प्रबंध, पुस्तकं अशा लेखनासाठी आहे. असाइनमेंट, टर्म पेपर, प्रकल्प अहवाल आणि उत्तरपत्रिका तिनं स्पष्ट शब्दांत वगळल्या आहेत. कॉलेजला स्वतःचा नियम करता येईल, पण त्यावर यूजीसीचं नाव घालू नये.

शिक्षकांना एवढीच विनंती, की टक्का पाहण्याआधी पीडीएफमधला सगळा मजकूर निवडून नोटपॅडमध्ये चिकटवा आणि दहा ओळी वहीशी ताडून पाहा. काहीच निवडलं जात नसेल किंवा ओळीला दोन-तीन शब्द चुकत असतील, तर तो रिपोर्ट बाजूला ठेवा आणि संशय असलेल्या दोन वह्या मागवून स्वतः वाचा.