विश्लेषण : निरोपाच्या व्हिडीओची संहिता कशी लिहायची? सहकाऱ्यांचे छोटे संदेश एकत्र कसे गुंफायचे?

सरकारी कार्यालयांत मे महिन्याची अखेर म्हणजे निरोप समारंभांची गर्दी. शाळेत नाव घालताना १ जून ही जन्मतारीख लिहिली गेलेल्यांची एक मोठी पिढी आहे. १ तारखेला जन्मलेला कर्मचारी आधीच्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त होतो. त्यामुळे ३१ मे रोजी एकाच सभागृहात तीन-चार जणांचा सत्कार होतो आणि प्रत्येकाच्या व्हिडीओला जेमतेम चार मिनिटे मिळतात. या चार मिनिटांत तीस-पस्तीस वर्षांची नोकरी दिसायची, तर संहिता आधी कागदावर उतरली पाहिजे.

सगळे संदेश सारखेच का येतात?

ग्रुपवर ‘सर्वांनी आपापले मनोगत पाठवावे’ एवढेच लिहिले जाते, म्हणून. मग जो तो कर्तव्यदक्ष, मनमिळाऊ, शिस्तप्रिय ही ठरलेली विशेषणे पाठवतो आणि शेवटी ‘भावी आयुष्यासाठी शुभेच्छा’ देतो. संदेश उपयोगी आहे का, हे ओळखण्याची सोपी खूण आहे. त्यातील नाव काढून दुसऱ्या कुणाचेही घालून पाहावे. वाक्य तसेच चालत असेल, तर त्या संदेशात निवृत्त होणारा माणूस नाही.

उपाय म्हणजे मनोगत न मागता प्रश्न विचारणे. समजा, तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षातले अव्वल कारकून निवृत्त होत आहेत. सगळे त्यांना ‘नाना’ म्हणतात. प्रत्येकाला वेगळा मेसेज पाठवून तीनपैकी एकाच प्रश्नाचे उत्तर मागावे : नानांमुळे तुमचे अडलेले कोणते काम सुटले? त्यांनी शिकवलेली कोणती गोष्ट तुम्ही आजही तशीच करता? त्यांच्या तोंडी सतत असणारे वाक्य कोणते?

नुकत्याच लागलेल्या लिपिकाने आधी विशेषणेच पाठवली होती. दुसऱ्या प्रश्नावर त्याचे लांबलचक उत्तर आले. काटछाट केल्यावर ते असे उरले : ‘रुजू झालो त्याच आठवड्यात मी एक फाइल चुकीच्या रुमालात बांधली. दोन दिवस सापडेना. नानांनी शोधून दिली, कुणाला सांगितलं नाही. एवढंच म्हणाले, गाठ मारण्याआधी नंबर वाच.’ हे पंचवीस शब्द दुसऱ्या कुणाला लागू पडत नाहीत.

चार मिनिटांत किती माणसे मावतात?

चार मिनिटे म्हणजे २४० सेकंद. सुरुवातीला १० आणि शेवटच्या सामूहिक छायाचित्राला २० सेकंद ठेवले, की २१० उरतात. निवेदनाला ६० दिले, तर संदेशांसाठी १५० सेकंद राहतात. सावकाश, स्पष्ट बोलताना सेकंदाला साधारण दोन शब्द होतात. म्हणजे १५ सेकंदांचा, तीसेक शब्दांचा संदेश धरला, तर दहा जण मावतात.

पण संदेश २४ आले तर? सगळे घुसवले की व्हिडीओ साडेसात मिनिटांवर जातो आणि सभागृहात चुळबुळ सुरू होते. त्यापेक्षा ज्यांच्याकडे प्रसंग आहे असे दहा जण पूर्ण घ्यावेत. नानांचे ठरलेले वाक्य आठवणाऱ्या चौघांना सुरुवातीचे १० सेकंद द्यावेत. चौघेही एकामागून एक एकच शब्द म्हणतात, ‘सापडेल!’ आणि सभागृहाला लगेच माणूस कळतो. उरलेल्या दहा जणांची नावे शेवटच्या छायाचित्रावर दाखवावीत. नाव कुणाचेही गाळू नये. हजेरीपटाशी यादी ताडून पाहावी. शिपाई, कोतवाल, वाहनचालक आणि कंत्राटी डेटा एंट्री ऑपरेटर हे बहुतेकदा ग्रुपमध्ये नसतात, म्हणून तेच सुटतात.

क्रम हुद्द्याप्रमाणे लावावा का?

तहसीलदारांपासून शिपायापर्यंत असा क्रम लावला, की व्हिडीओ भाषणांच्या यादीसारखा होतो. आलेल्या संदेशांत वारंवार काय येते, ते शोधावे. नानांच्या बाबतीत ते ‘हरवलेले सापडणे’ आहे. मग लिपिकाची फाइल, त्यानंतर पावसाळ्यात छत गळू लागल्यावर नानांसोबत रविवारी येऊन रुमाल वरच्या फळीवर चढवणारा शिपाई, मग जुन्या फेरफाराच्या नोंदीसाठी तालुक्याला आलेला तलाठी, असा क्रम लागतो. तहसीलदार मध्ये येतात. शेवटचा संदेश नानांकडून कार्यभार घेणाऱ्याचा असावा, कारण अभिलेख कक्षाच्या किल्ल्या उद्यापासून त्याच्याकडे असणार आहेत.

निवेदनात काय लिहायचे?

संदेशांत नसलेले तेवढेच. ‘आता पाहू या, नानांबद्दल शिपाई काय म्हणतात’ हे वाक्य काहीच सांगत नाही, कारण पुढच्या क्षणी शिपाई पडद्यावर दिसतोच. त्याऐवजी काळ आणि जागा सांगावी. कागदाचे दोन भाग करून एकीकडे काय दिसते आणि दुसरीकडे काय ऐकू येते, हे लिहावे. फोनवर लिहिताना ते असे दिसेल :

दिसते : अभिलेख कक्षाचे दार, रुमालांच्या रांगा (८ सेकंद)
ऐकू येते : ‘जून लागला की या खोलीत फायलींइतकीच बादल्यांची रांग असायची. तेव्हा रविवारीही हे दार उघडं असे.’
दिसते : शिपाई, फळीसमोर उभा (१५ सेकंद)
ऐकू येते : शिपायाचा संदेश

अशी चार-पाच निवेदने पुरतात. संहिता पूर्ण झाली की घड्याळ लावून मोठ्याने वाचावी. वाचताना जिथे दम लागतो, तिथले वाक्य लांब आहे.

दुसऱ्याचे शब्द किती बदलावेत?

गाळावेत, पण नवे घालू नयेत. ‘आमचं लय भांडण व्हायचं, पण डबा एकत्रच’ असे वाक्य आले, तर ते प्रमाण भाषेत आणू नये. त्या माणसाचा आवाज त्यातच आहे. काटछाट केलेला मजकूर ज्याचा त्याला दाखवावा. विशेषतः लिपिकाला विचारावे, की आपली चूक तहसीलदारांसमोर ऐकवलेली चालेल का. नको म्हणाला, तर दुसरा प्रसंग घ्यावा.

आजारपण, घरगुती गोष्टी, जात किंवा गावावरची थट्टा वगळावी. सर्वांत फसवे असतात ते ‘नियम थोडा बाजूला ठेवून मदत केली’ असे कौतुकाचे किस्से. अर्ज नसताना नक्कल दिल्याची गंमत चहाच्या टपरीवर शोभते. तीच व्हिडीओतून गावभर फिरली, तर निवृत्तिवेतनाची कागदपत्रे व्हायची असताना नानांनाच त्रास होऊ शकतो. रुजू झाल्याची तारीख, बदल्यांची ठिकाणे आणि घरच्यांच्या नावांचे लेखन मात्र घरच्यांकडून तपासून घ्यावे. नाना स्वतः घरी नसताना फोन केला, तर गुपितही राहते.

प्रत्यक्ष दाखवताना काय बिघडते?

बहुतेकदा आवाज. पंख्याखाली केलेले चित्रण फोनवर ठीक वाटते, सभागृहात मात्र घरघरच ऐकू येते. म्हणून पंखा बंद करून, फोन आडवा धरून चित्रण करायला सांगावे आणि व्हॉट्सॲपवर व्हिडीओ ‘डॉक्युमेंट’ म्हणून मागवावा, म्हणजे त्याचा दर्जा घसरत नाही. संदेशांच्या मागे शब्द असलेले गाणे लावू नये, बोलणे त्यात बुडते. आदल्या संध्याकाळी त्याच सभागृहात, त्याच स्पीकरवर व्हिडीओ एकदा लावावा आणि शेवटच्या रांगेत बसून ऐकावा. तिथून ‘सापडेल’ हा शब्द स्पष्ट ऐकू आला, तर बाकीचेही ऐकू येईल.