हयातीचा दाखला : खरी साइट कशी ओळखायची?

नोव्हेंबर आला की पेन्शनवाल्यांच्या घरी हयातीच्या दाखल्याची घाई सुरू होते. माणूस जिवंत आहे हे वर्षातून एकदा कळवावं लागतं, नाहीतर पेन्शन थांबते. नेमक्या याच भीतीवर काहीजणांनी दुकान मांडलंय.

सरकारनं 2014 मध्ये ‘जीवन प्रमाण’ सुरू केलं. त्याचा पत्ता jeevanpramaan.gov.in असा आहे. आता यातली मेख ऐका. खऱ्या पत्त्यात ‘pramaan’ मध्ये एम नंतर दोन ए आहेत. एक ए गाळून आणि शेवटी .online लावून बनवलेल्या साइटवर दाखल्यासाठी 199 रुपये घेत होते. दिल्ली पोलिसांनी 2021 मध्ये ती टोळी पकडली. एका अक्षराचा फरक चष्मा लावूनही म्हाताऱ्या माणसाला दिसत नाही, म्हणून सुनांनी आणि लेकींनी तो बघायचा.

गूगलवर नाव टाकलं की सगळ्यात वर कधी कधी जाहिरात येते. तिच्यावर ‘प्रायोजित’ किंवा ‘Sponsored’ असं बारीक लिहिलेलं असतं. तिथं बोट लावू नका. वरच्या पट्टीत पूर्ण पत्ता स्वतः टाइप करा. उघडल्यावर पत्त्यात ‘https://’ सोडून पुढे येणाऱ्या पहिल्या तिरप्या रेघेच्या अलीकडे बघा. शेवट .gov.in असाच हवा, मध्ये टिंबासकट. ‘-gov.in’ अशी आडवी रेघ असेल किंवा gov नंतर भलतंच काही असेल, तर ती सरकारी साइट नाही.

पत्ता वाचता येत नसला तरी एक खूण कायम उपयोगी पडते. हयातीच्या दाखल्यासाठी पेन्शनधारकाचं बोट, डोळा किंवा चेहरा लागतोच. नुसता फॉर्म भरून, पैसे टाकून “दाखला मेलवर पाठवतो” म्हणणारी साइट खोटीच. न बघता माणूस जिवंत आहे हे तिला कळणार कसं? खऱ्या साइटवर दाखल्यासाठी पैसेही मागत नाहीत. तिथून ॲप घ्यायचं, जवळचं केंद्र शोधायचं, आणि झालेला दाखला उतरवून घ्यायचा.

आमच्या गटातल्या एका काकूंना कुटुंब पेन्शन मिळते. आयुष्य ऊसतोडीत गेलं, बोटांच्या रेषा पार झिजल्या. केंद्रावर अंगठा काही उमटेना. तेव्हा नातवानं फोनवर साइट शोधली, तर तिनं पीपीओ नंबर, खातं नंबर घेतला आणि पैसे मागितले. पोरगं हुशार, तिथंच थांबलं. मग आम्ही चेहऱ्याच्या ॲपवर काम केलं. प्ले स्टोअरमधून आधी AadhaarFaceRD घेतलं, मग Jeevan Pramaan. ही दोन ॲप व्हॉट्सॲपवर आलेल्या फाइलमधून कधीच घेऊ नका. ॲपमध्ये आधी फोन चालवणाऱ्याची, म्हणजे सुनेची, आधार आणि चेहऱ्यानं एकदा ओळख करावी लागते. त्यानंतर काकूंचा आधार नंबर, मोबाइल, पीपीओ नंबर, खातं नंबर भरला. पेन्शन मंजूर करणारं कार्यालय कोणतं आणि वाटणारं कोणतं, ही दोन नावं आधीच बँकेत विचारून कागदावर लिहून आणली होती. इथंच जास्त लोक चुकतात. नाव चुकीचं निवडलं तर दाखला तयार होतो, पण भलतीकडे जातो आणि पेन्शन थांबते ती थांबतेच. शेवटी काकूंना ओसरीच्या उजेडात बसवलं, तोंडावरचा पदर बाजूला केला. डोळे मिचकावले आणि झालं. प्रमाण नंबर मेसेजनं आला.

पण तो नंबर आला म्हणजे काम संपलं असं नाही. दाखला बँकेनं स्वीकारला का, हे आठ-दहा दिवसांनी जाऊन विचारा. आणि हा नंबर जन्मभराचा नाही, पुढच्या वर्षी नवा करावा लागतो. कारखान्याच्या किंवा कंपनीच्या पीएफची पेन्शन असेल, तर नोव्हेंबरचीच वाट बघायची गरज नाही. वर्षात कधीही द्या, तिथून बारा महिने चालतो.

फोन जमत नसेल तर पोस्टमनला सांगा. पोस्टाची पेमेंट बँक घरी येऊन 70 रुपयांत करून देते. ते पैसे दाखला करून देण्याच्या सेवेचे आहेत, आणि माणूस ओळखीचा असतो. संजय गांधी आणि श्रावणबाळचं हयातीचं काम मात्र वेगळं आहे, त्याची चौकशी तहसीलमध्ये करा.

फोन करून कुणी तुमचा पीपीओ नंबर, नेमणुकीची तारीख सगळं बरोबर सांगेल आणि “आता ओटीपी सांगा” म्हणेल. माहिती बरोबर आहे म्हणून माणूस बरोबर ठरत नाही. फोन ठेवा. पैसे गेलेच असतील तर लगेच 1930 वर फोन लावा, आणि खातं गोठवायला बँकेलाही कळवा. तास-दोन तासांत कळवलं तर पैसे पुढे जाण्याआधी अडवता येण्याची शक्यता जास्त असते.