बोर्ड दहा मिनिटांनी बंद का पडतो? १२ व्होल्ट आणि एका छोट्या रेग्युलेटरची गोष्ट

गच्चीवरच्या कुंड्यांना आपोआप पाणी घालण्यासाठी मी एक ESP32 बोर्ड बसवला होता. पंप १२ व्होल्टचा, म्हणून अ‍ॅडॉप्टरही १२ व्होल्टचा. त्याच अ‍ॅडॉप्टरची वायर बोर्डाच्या VIN पिनला जोडली. डिसेंबरमध्ये सगळं नीट चाललं. एप्रिलमध्ये मात्र बोर्ड मध्येच बंद पडायचा, थोड्या वेळाने आपला आपण सुरू व्हायचा, पुन्हा बंद. आम्ही चार दिवस गावाला गेलो आणि परत आलो तेव्हा टोमॅटोची रोपं गेली होती.

आठवडाभर मी कोडमध्ये चूक शोधत होतो. चूक होती बोर्डावरच्या नखाएवढ्या काळ्या चिपमध्ये. अशा बऱ्याच बोर्डांवर असते तशी ती AMS1117 होती, म्हणजे लिनिअर रेग्युलेटर.

ESP32 ला ३.३ व्होल्ट लागतात. लिनिअर रेग्युलेटर जास्तीचे व्होल्ट स्वतःवर घेतो आणि त्यांची उष्णता करून टाकतो. जेवढा करंट बोर्ड घेतो, तेवढाच अ‍ॅडॉप्टरमधूनही येतो. त्यामुळे हिशोब अगदी सोपा आहे:

```
उष्णता = (येणारे व्होल्ट − जाणारे व्होल्ट) × करंट
       = (१२ − ३.३) × ०.१२ अँपिअर
       = १.०४ वॅट
```

१२० मिलिअँपिअर ही वायफाय चालू असताना मी मल्टिमीटरने मोजलेली सरासरी. वायफाय सिग्नल पाठवताना करंट क्षणभर याच्यापेक्षा बराच जास्त होतो, पण तापमानासाठी सरासरीच धरायची.

एक वॅट म्हणजे फार नाही असं वाटतं. पण एवढीशी चिप ती उष्णता बाहेर टाकणार कुठे? डेटाशीटमध्ये यासाठी एक आकडा असतो: दर वॅटमागे चिपचा आतला भाग भोवतालच्या हवेपेक्षा किती अंशांनी तापतो. AMS1117 च्या या आकाराच्या चिपसाठी तो साधारण ९० आहे. चिपखाली तांब्याचा मोठा पट्टा असेल तर तो पन्नासच्या आसपास येतो, पण छोट्या बोर्डावर तेवढी जागा नसते.

```
वाढ = १.०४ × ९० = ९४ अंश
बंद डब्यातली हवा (एप्रिल) = ४० अंश
चिपच्या आत = १३४ अंश सेल्सिअस
```

मर्यादा आहे १२५. डिसेंबरमध्ये डब्यातली हवा २५ अंश होती, म्हणजे आत ११९. तेव्हा थोडक्यात निभावलं होतं, एवढंच. मर्यादा ओलांडून चिप फारच तापली की ती स्वतःला वाचवण्यासाठी पुरवठा तोडते आणि थंड झाली की पुन्हा सुरू होते. हीच उष्णतेची खूण: बोर्ड आधी काही मिनिटं नीट चालतो, मग पडतो. वायफाय सुरू होताक्षणीच पडत असेल आणि स्क्रीनवर `Brownout detector was triggered` येत असेल, तर बहुधा क्षणिक करंट कमी पडतोय. तो आजार वेगळा.

आता तोच बोर्ड यूएसबीच्या ५ व्होल्टवर लावा. (५ − ३.३) × ०.१२ म्हणजे ०.२ वॅट, वाढ फक्त १८ अंश. चिप तीच, करंट तोच. म्हणजे AMS1117 वाईट नाही, त्याच्यावर टाकलेले व्होल्ट जास्त होते.

बक कन्व्हर्टर व्होल्ट जाळत नाही. तो वीज सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करतो आणि कॉइलमध्ये साठवून खालच्या व्होल्टला देतो. बाजारात सहज मिळणारं LM2596 मॉड्यूल घेऊ. बोर्डाला हवेत ३.३ × ०.१२ म्हणजे ०.४ वॅट. कार्यक्षमता ७० टक्केच धरली तरी अ‍ॅडॉप्टरमधून ०.५७ वॅट येतील आणि वाया जातील ०.१७. एका वॅटच्या जागी इतकंच.

मी बकवर ५ व्होल्ट लावले आणि ते VIN ला दिले. त्यामुळे बोर्डावरचा AMS1117 तसाच राहिला, फक्त त्याचं ओझं हलकं झालं. त्याला आत-बाहेर सव्वा व्होल्टचा फरक लागतोच, म्हणून ५ च्या फार खाली जाऊ नका. आणि या मॉड्यूलवरचा छोटा स्क्रू बोर्ड जोडण्याआधी फिरवून मल्टिमीटरवर ५ व्होल्ट आलेत ना, ते बघा. नवं मॉड्यूल कधीकधी जवळजवळ पूर्ण १२ व्होल्ट बाहेर देतं.

मग प्रत्येक ठिकाणी बकच का नको? त्या चालू-बंदमुळे पुरवठ्यात बारीक थरथर येते. मातीच्या ओलाव्याच्या सेन्सरचे आकडे त्याने उड्या मारू शकतात. मागे लिनिअर ठेवला की ती बरीच कमी होते, हा माझ्या जोडणीचा दुसरा फायदा. आणि बोर्ड फक्त १० मिलिअँपिअर घेत असेल, तर १२ व्होल्टवरही लिनिअरची उष्णता ०.०९ वॅट, वाढ ८ अंश. तिथे बक लावण्यात अर्थ नाही.

माझा स्वतःचा ठोकताळा असा आहे: हिशोबात लिनिअरवर अर्ध्या वॅटपेक्षा जास्त येत असेल आणि डबा बंद असेल, तर बक. माझ्या गच्चीवर आता मे महिन्यातही त्या चिपवर बोट ठेवता येतं.