मरून कुर्ता, पांढरी पट्टी आणि एक तक्रारपत्र

जबलपूरचे सलवार-सूट दूरदूरच्या बाजारांत जातात. शहरात ते शिवणारे कारखाने पुष्कळ आहेत. समजा, तिथल्याच बडा फुहाऱ्याजवळच्या एका दुकानातून कुणी मरून रंगाचा सुती सूट घेतला. कुर्त्याच्या गळ्याला पांढरी सुती पट्टी आहे. पहिल्याच धुण्यात बादलीतलं पाणी लाल झालं आणि पट्टी गुलाबी. दुकानात गेल्यावर उत्तर ठरलेलं: “पहली धुलाई में थोड़ा रंग तो निकलता ही है, दीदी. नमक के पानी में भिगो दीजिए.”

यातला पहिला भाग अगदीच खोटा नाही, म्हणूनच नुसतं ‘रंग गेला, पैसे परत द्या’ असं लिहिलेलं पत्र लंगडं पडतं.

सुती कापडासाठी आज मोठ्या प्रमाणावर वापरतात ते रिअॅक्टिव्ह रंग. हे रंग १९५६ साली बाजारात आले. सोड्याच्या अल्कधर्मी पाण्यात त्यांचा रेणू कापसाच्या सेल्युलोजशी थेट रासायनिक बंध जोडतो. तो बंध साध्या साबणाने सुटत नाही. पण त्याच टाकीतलं पाणीही रंगाशी अभिक्रिया करतं. पाण्याशी जुळलेला रेणू मग धाग्याला घट्ट धरू शकत नाही, तो नुसता धाग्यात अडकून बसतो. म्हणून रंगाऱ्याला कापड पुन्हा पुन्हा खळबळून, शेवटी उकळीजवळच्या साबणपाण्यात धुवावं लागतं. पाणी, इंधन आणि वेळ खाणारी हीच पायरी काटकसरीत आखडते. मरून, काळा, गडद निळा अशा छटांना रंगच जास्त लागतो, त्यामुळे उरलेला फाजील रंगही जास्त. तो मग आपल्या बादलीत उतरतो.

दुसरी शक्यता अधिक वाईट. स्वस्त डायरेक्ट रंग कापसाला रासायनिक बंधाने जोडलेले नसतात, दुबळ्या आकर्षणाने चिकटलेले असतात. वर पक्का करणारा लेप नीट दिला नसेल तर ते धुण्यागणिक सुटत राहतात.

कुठली शक्यता खरी, याचा अंदाज घरी घेता येतो. कुर्ता आणखी धुऊ नये, कारण तोच पुरावा आहे. आतल्या शिवणीचं टोक पेलाभर साध्या पाण्यात अर्धा तास बुडवावं, मग पाणी बदलून आणखी दोनदा तसंच करावं. तिसरं पाणी जवळजवळ स्वच्छ असेल तर फाजील रंग राहिला होता. तिन्ही पाणी सारखीच लाल असतील तर रंग मुळातच कच्चा असण्याची शक्यता मोठी. हा अंदाजच, निवाडा प्रयोगशाळेचा. तिथे कापडाचा तुकडा पांढऱ्या कापडाला जोडून ठरावीक तापमानाच्या साबणपाण्यात फिरवतात आणि पांढऱ्यावर उतरलेला डाग करड्या पट्ट्यांच्या मापाशी ताडून पाहतात. ५ म्हणजे डाग नाही, १ म्हणजे सर्वांत वाईट.

मिठाचा सल्ला मात्र सोडून द्यावा. रंगवताना मीठ रंगाला धाग्याकडे ढकलतं, एवढंच. कपडा विकल्यानंतर ते रंगाला बांधत नाही. मीठ धुऊन गेलं की रंग पुन्हा सुटतो.

पत्र जबलपुरात हिंदीतच जाईल. मजकूर थोडक्यात असा:

‘बिल क्रमांक अमुक, तारीख तमुक. सूट एकदाच, एकटाच, थंड पाण्यात साध्या पावडरने, लेबलवरच्या सूचनेप्रमाणे दहा मिनिटं भिजवून धुतला. ब्लीच वापरलं नाही. पाणी लाल झालं. गळ्याची पांढरी पट्टी गुलाबी झाली. ही पट्टी कुर्त्याला शिवलेली असल्याने वेगळी धुणं शक्य नाही. फोटो सोबत आहेत. कृपया बदली द्यावी किंवा रक्कम परत करावी.’

सगळा जोर पट्टीच्या वाक्यावर आहे. ‘वेगळं धुवायचं होतं’ ही दुकानदाराची हुकमी पळवाट तिथे बंद होते, कारण कपडा स्वतःलाच डागाळतो आहे. रंगाचं रसायन पत्रात आणू नये; दिसलं तेवढंच लिहावं. अर्थात कुर्ता रात्रभर गरम पाण्यात भिजवला असेल तर तेही लपवू नये, तपासणीत प्रश्न निघतोच.

बिलावर ‘बिका हुआ माल वापस नहीं होगा’ असं छापलेलं असलं तरी घाबरायचं कारण नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे सदोष माल परत घ्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. बिलावर मुदत नसेल तर ३० दिवस धरले जातात. म्हणून पत्राची पोच घ्यावी. दाद मिळाली नाही तर १९१५ ही राष्ट्रीय हेल्पलाइन आहे, पुढे जिल्हा ग्राहक आयोग. चाचणीशिवाय दोष ठरत नसेल तर आयोग नमुना मोहोरबंद करून प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो, आणि अहवालासाठी साधारण ४५ दिवसांची मुदत असते. चाचणीचं शुल्क मात्र आधी तक्रारदाराला भरावं लागू शकतं. हजार-बाराशेच्या सुटासाठी एवढं करायचं का, हे ज्याचं त्याने ठरवावं. बहुतेक दुकानदार फोटो आणि तारखांसकट आलेलं पत्र पाहून त्याआधीच बदली काढून देतील, असं मला वाटतं.